एक मेसेज, दोन रिफंड

पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या बसचं तिकीट कुणीतरी रद्द करतं. मोबाइलवर ‘रिफंडची प्रक्रिया सुरू’ असं दिसतं आणि मिनिटाभरात 1,250 रुपये वॉलेटमध्ये जमा होतात. प्रवाशाच्या दृष्टीने विषय संपला. पण कधीतरी असं होतं की थोड्या वेळाने तेच 1,250 रुपये पुन्हा जमा होतात. किंवा याच्या उलट, आठवडा गेला तरी एक पैसाही येत नाही आणि चौकशी केली तर ‘आमच्याकडे अशी नोंदच नाही’ असं उत्तर मिळतं. वरवर पाहता या दोन तक्रारी परस्परविरुद्ध आहेत. शोध घेतला तर दोन्हींचं मूळ बऱ्याचदा एकाच ठिकाणी सापडतं. ते ठिकाण म्हणजे दहा-वीस ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला कन्झ्यूमर म्हणतात.

तिकीट रद्द झालं की बुकिंगची यंत्रणा स्वतः पैसे परत करायला बसत नाही. कोणाचं तिकीट, कोणतं, किती रुपये, एवढा मजकूर असलेला एक मेसेज ती तयार करते, तो क्यूमध्ये म्हणजे रांगेत टाकते आणि पुढच्या प्रवाशाकडे वळते. रांगेतले मेसेज उचलून पैसे जमा करण्याचं काम कन्झ्यूमर करतो. दिवाळीच्या सुट्टीत एकदम हजारो तिकिटं रद्द झाली तरी बुकिंगचं ॲप अडकत नाही, कारण काम रांगेत थांबलेलं असतं आणि जमेल तसं उपसलं जातं. ॲमेझॉनची एसक्यूएस, रॅबिटएमक्यू आणि काफ्का ही अशा रांगा चालवणारी नेहमीची साधनं.

कन्झ्यूमरच्या कोडमध्ये बदल केला की दुसऱ्या इंजिनिअरने तो वाचून मंजूर करायचा, अशी बहुतेक कंपन्यांत शिस्त असते. हाच कोड रिव्ह्यू. वेबसाइटच्या एखाद्या पानाचा रिव्ह्यू करणारा माणूस ‘हे बरोबर चालेल का?’ असं विचारतो. कन्झ्यूमर वाचताना प्रश्न वेगळा असतो: या ओळीनंतर आणि पुढच्या ओळीच्या आधी प्रोग्रॅम बंद पडला, तर काय होईल? तो प्रश्न समोर ठेवून एक बदल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून पाहता येईल.

रांग काय कबूल करते

एसक्यूएसच्या साध्या रांगेचा नियम असा: कन्झ्यूमरने मेसेज उचलला म्हणून तो रांगेतून जात नाही, ठरावीक वेळ इतरांना दिसेनासा होतो, इतकंच. या वेळेला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात आणि आपण काही बदललं नाही तर तो 30 सेकंदांचा असतो. काम झालं की कन्झ्यूमरने ‘आता हा मेसेज काढून टाक’ असं सांगायचं. तेवढ्या वेळात ते सांगितलं गेलं नाही, तर कन्झ्यूमर मेला असावा असं गृहीत धरून रांग तोच मेसेज दुसऱ्याच्या हाती देते.

रजिस्टर पत्राची पोचपावती वाटेत हरवली तर पत्र पोचलं की नाही हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, तशीच रांगेची अवस्था आहे. पैसे जमा झाले, पण ‘काढून टाक’ हा निरोप पोचण्याआधी सर्व्हर बंद पडला, असं झालं तर रांगेला दिसतं ते एवढंच की उत्तर आलेलं नाही. काम झालं आणि निरोप हरवला, की काम झालंच नाही, यांतला फरक तिला दिसूच शकत नाही. बेभरवशाच्या माध्यमातून कितीही निरोप पाठवले तरी दोन्ही बाजूंची पक्की खात्री पटवता येत नाही, हे अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर या संशोधकांनी 1975 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून रांग ‘किमान एकदा’ पोचवण्याची हमी देते. एकदाच पोचवण्याची नाही. क्वचित काही वेळा तर मेसेज काढून टाकल्यावरही तो पुन्हा येऊ शकतो, कारण त्याची एक प्रत ठेवणारा सर्व्हर नेमका त्या क्षणी बंद असतो. ॲमेझॉनने आपल्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

‘मग एकदाच पोचवणारी रांग घ्या’ हे उत्तर मीटिंगमध्ये हमखास येतं. एसक्यूएसची फिफो रांग पाठवणाऱ्याकडून दोनदा आलेला मेसेज ओळखते, पण 5 मिनिटांच्या आत आलेलाच. काफ्कामध्ये 2017 पासून ‘नेमकं एकदा’ची सोय आहे, पण ती काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती. प्रवाशाचं वॉलेट वेगळ्या डेटाबेसमध्ये असतं आणि तिथे काय झालं याची हमी काफ्का देत नाही. मेसेज दोनदा येणार हे धरून चालायचं आणि दुसऱ्यांदा आल्यावर परिणाम पुन्हा होऊ द्यायचा नाही, हीच वाट उरते. कोडच्या या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात.

दोन छोटे बदल

समजा, रिफंडच्या कन्झ्यूमरमध्ये एका इंजिनिअरने दोन सुधारणा केल्या. रिफंड झाल्यावर प्रवाशाला एसएमएस जावा आणि कामाचा वेग वाढावा म्हणून एका वेळी एकाऐवजी दहा मेसेज उचलले जावेत. बदलानंतर कोड साधारण असा दिसतो:

```python
for msg in receive(max_messages=10):      # आधी 1 होतं
    data = json.loads(msg.body)
    if not already_done(data["booking_id"]):
        add_to_wallet(data["user_id"], data["amount"])
        mark_done(data["booking_id"])
        send_sms(data["user_id"])         # नवी ओळ
    delete(msg)
```

पहिल्या नजरेत हा कोड समजूतदार वाटतो. रिफंड आधीच झालाय का हे तो तपासतो, सगळ्यात शेवटी मेसेज काढून टाकतो. `delete` शेवटी आहे हे योग्यच. ते आधी असतं तर मधे सर्व्हर बंद पडल्यावर मेसेज कायमचा गेला असता आणि प्रवाशाचे पैसे बुडाले असते.

आता दोन ओळींच्या मधल्या जागा पाहू. `add_to_wallet` झालं आणि `mark_done` व्हायच्या आत प्रोग्रॅम बंद पडला. पैसे जमा झाले, नोंद झाली नाही. अर्ध्या मिनिटाने मेसेज परत येतो, तपासणी म्हणते ‘झालेलं नाही’ आणि पैसे पुन्हा जमा होतात. यासाठी मोठा अपघात लागत नाही. कोडची नवी आवृत्ती चढवताना जुने प्रोग्रॅम बंद केले जातात आणि तेव्हा त्यांतला एखादा नेमका या जागी असू शकतो.

दुसरी अडचण तपासणीतच आहे. एकच मेसेज दोन कन्झ्यूमरच्या हाती एकाच वेळी पडला, तर दोघंही ‘झालंय का?’ असं विचारतात, दोघांनाही ‘नाही’ हेच उत्तर मिळतं आणि दोघंही पैसे जमा करतात. पाहणं आणि करणं या दोन वेगळ्या पायऱ्या असतील तर मधल्या फटीत दुसरा कुणी शिरू शकतो.

ही फट जुन्या कोडमध्येही होती. मग तेव्हा तक्रारी का आल्या नाहीत? कारण तेव्हा काम अर्ध्या सेकंदात संपत होतं आणि 30 सेकंदांच्या मुदतीपर्यंत ते पोचतच नव्हतं. नव्या बदलाने हे गणित मोडलं. मुदत मोजायला सुरुवात होते ती दहाही मेसेज उचलल्या क्षणापासून. एखाद्या दिवशी एसएमएसची सेवा मंदावली आणि प्रत्येक एसएमएसला 5 सेकंद लागले, तर सहावा मेसेज संपेपर्यंत 30 सेकंद झालेले असतात. सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे चार मेसेज पुन्हा रांगेत दिसू लागतात, दुसरा कन्झ्यूमर ते उचलतो आणि पहिलाही आपल्या यादीप्रमाणे त्यांच्याकडे येतच असतो. सर्व्हर बंद पडला नाही, नेटवर्क तुटलं नाही, तरी एकाच मेसेजवर दोघं काम करताहेत. म्हणून कन्झ्यूमरच्या रिव्ह्यूमध्ये बदललेल्या ओळींपुरतं वाचून भागत नाही. रांगेची मुदत किती आणि सर्वांत वाईट दिवशी पूर्ण गठ्ठ्याला लागणारा वेळ किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात.

डेटाबेसवर सोपवलेली राखण

मुदत वाढवली की दोनदा काम होण्याची शक्यता कमी होते, पण संपत नाही. खरा उपाय डेटाबेसमध्ये आहे. ‘हा रिफंड झाला’ ही नोंद आणि पैशांची जमा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायची, म्हणजे होतील तर दोन्ही होतील, नाही तर एकही नाही. शिवाय आधी विचारून मग लिहायचं नाही, थेट लिहूनच पाहायचं:

```sql
BEGIN;
INSERT INTO refunds_done (cancel_id) VALUES ('C-7781')
  ON CONFLICT DO NOTHING;
-- वर एक ओळ खरोखर घातली गेली असेल तरच:
UPDATE wallets SET balance = balance + 1250 WHERE user_id = 42;
COMMIT;
```

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये `cancel_id` वर युनिक बंधन असेल, तर दोन कन्झ्यूमर एकाच वेळी आले तरी दुसऱ्याला पहिल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं. पहिला यशस्वी झाला तर दुसऱ्याची शून्य ओळी घातल्या जातात आणि तो पैशांना हात न लावता मेसेज काढून टाकतो. पहिला मधेच कोसळला तर त्याची नोंदही रद्द होते आणि दुसरा काम पूर्ण करतो. फट उरत नाही. मात्र हे सगळं त्या युनिक बंधनावर उभं आहे. ते बंधन तयार करणारी डेटाबेसची फाइल बदलासोबत नसेल, तर `ON CONFLICT` असूनही प्रत्येक वेळी नवी ओळ घातली जाते. म्हणून रिव्ह्यूअरने पायथनच्या कोडइतक्याच बारकाईने ती फाइल पाहायला हवी.

वरच्या कोडमध्ये `booking_id` जाऊन `cancel_id` आला, तो उगीच नाही. चौघांच्या कुटुंबाने एकाच बुकिंगवर तिकिटं काढली, सकाळी दोघांची रद्द केली, संध्याकाळी उरलेल्या दोघांची. बुकिंगचा क्रमांक एकच. त्यावरून तपासणी केली तर संध्याकाळचा रास्त रिफंड ‘आधीच झालेला’ ठरून गिळला जाईल. उलट, रांगेने प्रत्येक मेसेजला दिलेला क्रमांक वापरला तर दुसऱ्या बाजूने घात होतो. बुकिंगच्या यंत्रणेला रांगेकडून उत्तर मिळालं नाही म्हणून तिने तोच रिफंड पुन्हा पाठवला, तर रांग त्याला नवा क्रमांक देते आणि कन्झ्यूमरला ते दोन वेगळे रिफंड वाटतात. ओळख व्यवहाराची हवी. तिकीट रद्द करण्याची प्रत्येक कृती म्हणजे एक `cancel_id`, आणि तो बुकिंगच्या यंत्रणेने एकदाच ठरवून मेसेजमध्ये लिहिलेला असावा.

एसएमएस मात्र या ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही, कारण पाठवलेला एसएमएस मागे घेता येत नाही. ट्रान्झॅक्शनच्या आत तो पाठवला आणि नंतर डेटाबेसने माघार घेतली, तर जमा न झालेल्या पैशांची बातमी प्रवाशाला आधीच पोचलेली असते. रूढ उपाय असा की ‘हा एसएमएस पाठवायचा आहे’ एवढी नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका वेगळ्या टेबलात करायची आणि प्रत्यक्ष पाठवणं दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोडायचं. या टेबलाला आउटबॉक्स म्हणतात. कधीतरी एसएमएस दोनदा जाईल, पण त्याने कुणाचं नुकसान होत नाही. शिवाय एसएमएसची सेवा मंदावली म्हणून रिफंडची मुदत उलटण्याचा प्रश्नही इथेच सुटतो.

जो मेसेज कधीच पचत नाही

एखादा बसमालक आपल्या यंत्रणेतून रक्कम `1250` ऐवजी `"1,250.00"` अशी, स्वल्पविरामासह पाठवतो. आकडा वाचताना कोड अडखळतो, एरर येते आणि फेरी तिथेच थांबते. मेसेज काढून टाकलेला नसल्याने अर्ध्या मिनिटाने तो परत येतो, पुन्हा तीच एरर. असा मेसेज कितीही वेळा दिला तरी यशस्वी होणारच नसतो. त्याला पॉयझन मेसेज म्हणतात.

रांगेवर काही मर्यादा घातली नसेल तर पुढचा हिशेब सोपा आहे. एसक्यूएस मेसेज 4 दिवस ठेवते, ही तिची न बदललेली मुदत. दर 30 सेकंदांनी एक प्रयत्न धरला तर तो मेसेज सुमारे 11,520 वेळा उचलला जातो आणि नंतर मुदत संपली म्हणून गुपचूप पुसला जातो. रिफंड मिळालेला नाही आणि मेसेजही उरलेला नाही. ‘आमच्याकडे अशी नोंदच नाही’ हे उत्तर मिळतं, ते अशा वेळी. काफ्कामध्ये चित्र वेगळं असतं. तिथे मेसेज क्रमाने वाचले जातात, त्यामुळे एक अडला की त्याच्या मागचे सगळे त्या रांगेत खोळंबतात.

दहाचा गठ्ठा इथेही भोवतो. तिसऱ्या मेसेजवर एरर येऊन फेरी तुटली की मागचे सात निर्दोष मेसेज हात न लावता परत जातात, पण ‘एकदा उचलला’ अशी त्यांची नोंद मात्र होते. ठरावीक वेळा अपयशी ठरलेला मेसेज बाजूला काढण्यासाठी एसक्यूएसमध्ये `maxReceiveCount` ही मर्यादा असते. ती ओलांडली की मेसेज डेड लेटर क्यू नावाच्या वेगळ्या रांगेत जातो. मर्यादा 3 असेल आणि पॉयझन मेसेजच्या शेजारी तीनदा बसण्याची वेळ आली, तर चांगला मेसेजही तिकडे ढकलला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक मेसेजची एरर त्याच्यापुरतीच पकडली जाते की नाही, हे लूपमध्ये पाहावं लागतं.

पण कशी पकडली जाते हेही महत्त्वाचं. घाईत केलेली दुरुस्ती अशी असते: कुठलीही एरर आली तरी ती लॉगमध्ये लिहायची, मेसेज काढून टाकायचा आणि पुढे जायचं. पॉयझन मेसेजचा त्रास थांबतो, ग्राफ शांत दिसतात. मग एका रात्री डेटाबेस दोन मिनिटं बंद पडतो आणि त्या दोन मिनिटांत उचललेले सगळे रिफंड अशाच प्रकारे ‘काढून टाकले’ जातात. वाचता न येणारी रक्कम आणि बंद डेटाबेस या दोन एरर वेगळ्या वागणुकीच्या आहेत. पहिलीवर पुन्हा प्रयत्न करणं व्यर्थ आहे, तिला लगेच बाजूच्या रांगेत ठेवावं. दुसरीवर मेसेजला हात न लावता तो परत येऊ द्यावा. बाजूला ठेवतानाही क्रम असा: आधी तिकडे लिहायचं, मग इथून काढायचं. मधे प्रोग्रॅम मेला तर तिकडे दोन प्रती होतील, त्या चालतील. उलट क्रमाने एकही उरणार नाही.

`maxReceiveCount` किती असावा, यालाही हिशेब आहे. मर्यादा 5 आणि मुदत 30 सेकंद असेल, तर पाच प्रयत्न अडीच मिनिटांत संपतात. डेटाबेस दहा मिनिटं बंद राहिला तर त्या वेळात सतत उचलले गेलेले सगळे चांगले मेसेज डेड लेटर क्यूमध्ये जाऊन पडतील. यंत्रणेने किती वेळचा बिघाड पोटात घालावा हे आधी ठरवायचं आणि आकडा त्यावरून काढायचा. प्रत्येक अपयशानंतर मुदत वाढवत नेली, म्हणजे पुढचा प्रयत्न एक मिनिटाने, मग पाच मिनिटांनी, तर थोड्या प्रयत्नांत बराच वेळ काढता येतो.

डेड लेटर क्यूवर कुणाची नजर नसेल तर ती केवळ नुकसान लांबवते. अलार्म लावताना एक खाचखळगा आहे. एसक्यूएस आपण होऊन तिकडे हलवलेले मेसेज ‘पाठवलेल्या मेसेजची संख्या’ या आकड्यात मोजत नाही. त्यावर लावलेला अलार्म कधीच वाजणार नाही. तो `ApproximateNumberOfMessagesVisible` वर लावायला हवा. शिवाय साध्या रांगेत मेसेजचं वय तिकडे गेल्यावर पुन्हा शून्यापासून मोजलं जात नाही. मूळ रांगेत तीन दिवस घालवून आलेल्या मेसेजला 4 दिवसांच्या डेड लेटर क्यूमध्ये एकच दिवस मिळतो. म्हणून तिथली मुदत मूळ रांगेपेक्षा जास्त ठेवतात, शक्यतो कमाल म्हणजे 14 दिवस.

मंजुरीआधीच्या चाचण्या

एवढं वाचून झाल्यावर रिव्ह्यूअर तीन चाचण्या मागू शकतो. तोच मेसेज एकामागून एक दोनदा द्यायचा आणि नंतर दोन कन्झ्यूमरना एकाच वेळी द्यायचा. दोन्ही वेळा शिल्लक 1,250 रुपयांनीच वाढायला हवी. `COMMIT` आणि `delete` यांच्या मधे प्रोग्रॅम मुद्दाम मारायचा. मेसेज परत यायला हवा आणि शिल्लक तशीच राहायला हवी. नऊ चांगल्या मेसेजमध्ये एक बिघडलेला मिसळायचा. नऊ रिफंड व्हायला हवेत आणि एक मेसेज डेड लेटर क्यूमध्ये दिसायला हवा.

नवी आवृत्ती चढवतानाचा काळ चाचण्यांत सहसा येत नाही. थोडा वेळ जुना आणि नवा कन्झ्यूमर शेजारी चालतात. जुन्याने पैसे जमा केले आणि नव्या टेबलात नोंद केली नाही, मग तोच मेसेज नव्याच्या हाती आला, तर दुसरा रिफंड होतो. यावर उपाय म्हणजे जुने कन्झ्यूमर पूर्ण थांबवायचे, झालेल्या रिफंडच्या नोंदी नव्या टेबलात भरायच्या आणि मगच नवे सुरू करायचे. मेसेज रांगेत थांबून राहतात, त्यामुळे ही काही मिनिटं परवडतात.

रिफंड वॉलेटऐवजी कार्डवर, बाहेरच्या पेमेंट कंपनीमार्फत जात असेल तर आणखी एक कडी जोडली जाते. त्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये आपलं ट्रान्झॅक्शन पोचत नाही, म्हणून प्रत्येक विनंतीसोबत `Idempotency-Key` पाठवायची सोय असते. तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर कंपनी नवा रिफंड न करता आधीचंच उत्तर परत देते. दर प्रयत्नाला नवी किल्ली तयार करणारा कोड रिव्ह्यूमध्ये वारंवार सापडतो आणि त्याने ही सोयच निकामी होते. किल्ली `cancel_id` वरून बनायला हवी. त्यातही मर्यादा आहे. स्ट्राइपच्या पहिल्या आवृत्तीच्या एपीआयमध्ये या किल्ल्या 24 तासांनंतर काढून टाकल्या जाऊ शकतात. समजा, शुक्रवारी रात्री पेमेंट कंपनीने रिफंड केला, पण तिचं उत्तर आपल्यापर्यंत पोचलंच नाही. प्रयत्न संपले आणि मेसेज डेड लेटर क्यूमध्ये गेला. सोमवारी सकाळी कुणीतरी तिथले सगळे मेसेज एका बटणाने मूळ रांगेत परत पाठवले. तोवर किल्ली विसरली गेली असेल तर दुसरा रिफंड जाईल आणि कोड मात्र प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण झालेला असेल. म्हणून अशा कन्झ्यूमरमध्ये एक पायरी वाढवावी लागते: एका दिवसापेक्षा जुना मेसेज आला तर आधी पेमेंट कंपनीकडे त्या व्यवहाराची स्थिती विचारायची, ‘रिफंड झालेला नाही’ असं उत्तर आलं तरच नवी विनंती करायची, आणि उत्तरच मिळालं नाही तर मेसेज माणसाने पाहण्यासाठी बाजूला ठेवायचा.